स्प्रेडच्या थीटाचं चिन्ह

ऑप्शनमध्ये नव्याने उतरलेल्या बहुतेकांच्या मनात एक नियम पक्का असतो. स्प्रेड घेताना खिशातून पैसे गेले, म्हणजे तो डेबिट स्प्रेड असेल, तर वेळ आपल्या विरुद्ध; आणि पैसे हातात आले, म्हणजे क्रेडिट स्प्रेड असेल, तर वेळ आपल्या बाजूने. जोखमीच्या डेस्कवर काम करताना आणि नवोदितांना शिकवताना हा नियम मी इतक्या वेळा ऐकला आहे की, तो कुठे मोडतो हे एकदा सविस्तर लिहावं असं वाटलं. त्यासाठी लागतं ते बेरीज-वजाबाकीइतकंच गणित, पण ते दोन्ही लेग वेगळे मांडून करावं लागतं.

निफ्टीचं उदाहरण घेऊ. निफ्टीचे ऑप्शन युरोपियन पद्धतीचे आहेत, म्हणजे एक्स्पायरीआधी ते कुणी वापरू शकत नाही. त्यामुळे १९७३चं ब्लॅक-शोल्सचं सूत्र, किंवा फ्युचरवर बेतलेलं ब्लॅकचं १९७६चं रूप, इथे सरळ चालतं. मी दुसरं वापरतो, कारण व्याज आणि लाभांश फ्युचरच्या भावात आधीच मुरलेले असतात. समजा त्याच एक्स्पायरीचं फ्युचर २५,०००वर आहे, एक्स्पायरीला २१ दिवस आहेत आणि दोन्ही स्ट्राइकची इम्प्लाइड व्होलाटिलिटी १२ टक्के आहे. आपण २५,०००चा कॉल विकत घेतो आणि २५,५००चा कॉल विकतो. हा झाला बुल कॉल स्प्रेड.

आधी विकत घेतलेला लेग पाहू. सूत्राप्रमाणे त्याचा भाव २८७ येतो. डेल्टा ०.५०६, म्हणजे फ्युचर एक पॉइंट चढलं तर हा कॉल साधारण अर्धा पॉइंट चढेल. थीटा दिवसाला उणे ६.८३. व्हेगा २३.९२, म्हणजे व्होलाटिलिटी १२ची १३ टक्के झाली तर भावात जवळजवळ २४ पॉइंटची भर पडेल.

आता २५,५००चा कॉल. भाव १०६, डेल्टा ०.२५०, थीटा उणे ५.४५, व्हेगा १९.०७.

इथे एक क्षण थांबायला हवं. दुसऱ्या कॉलचे हे आकडे तो कॉल ज्याच्याकडे आहे त्याच्या बाजूने लिहिलेले आहेत. बहुतेक स्क्रीनवर ग्रीक असेच दिसतात: तुम्ही घेणारे आहात की विकणारे, हे त्या रकान्याला ठाऊक नसतं. आपण तो कॉल विकला आहे, म्हणून त्याच्या तिन्ही ग्रीकना उणे एकने गुणायचं. त्याचा डेल्टा आपल्यासाठी उणे ०.२५०, व्हेगा उणे १९.०७, आणि थीटा मात्र अधिक ५.४५, कारण उण्याला उण्याने गुणलं. सगळ्यात जास्त चुका या शेवटच्या गुणाकारात होतात. डेल्टाची वजाबाकी सहज सुचते. थीटा आधीच उणे दिसतो, म्हणून माणूस दोन्ही उणे एकत्र करतो आणि उणे १२ लिहून मोकळा होतो. खूण सोपी आहे: व्हर्टिकल स्प्रेडचा निव्वळ थीटा घेतलेल्या लेगच्या एकट्या थीटापेक्षा मोठ्या तोट्याचा दिसला, तर चिन्ह चुकलं आहे असं खुशाल समजावं.

आता बेरीज. डेल्टा ०.५०६ वजा ०.२५०, म्हणजे अधिक ०.२५६. थीटा उणे ६.८३ अधिक ५.४५, म्हणजे दिवसाला उणे १.३८. व्हेगा २३.९२ वजा १९.०७, म्हणजे अधिक ४.८५. स्प्रेडचा खर्च २८७ वजा १०६, म्हणजे १८१ पॉइंट. लॉटचा आकार एक्स्चेंज वेळोवेळी बदलतं. हिशोबासाठी ७५चा धरला, तर ही पोझिशन साधारण १९ युनिट फ्युचर धरल्यासारखी चालेल, रोज १०४ रुपये झिजेल आणि व्होलाटिलिटी एक टक्क्याने वाढली तर ३६४ रुपये देईल.

अशी सरळ बेरीज का चालते? स्प्रेडचा भाव म्हणजे दोन भावांची वजाबाकी, आणि बेरीज-वजाबाकीच्या बदलाचा दर हा त्या-त्या दरांची बेरीज-वजाबाकीच असतो. यात कुठलंही अंदाजपंचे नाही. खात्री करायची तर सूत्रात फ्युचर २५,०१० घालून दोन्ही कॉलचे भाव काढा, मग २४,९९० घालून काढा. स्प्रेडच्या दोन किमतींतला फरक ५.१ पॉइंटच्या आसपास येईल. त्याला २०ने भागलं की ०.२५६ हातात येतं. नवीन सॉफ्टवेअर आलं की मी ही तपासणी पहिल्यांदा करतो, कारण चिन्हाची गडबड त्यात लगेच उघडी पडते.

आता सुरुवातीच्या नियमाकडे येऊ. तोच स्प्रेड पुटने बांधू: २५,०००चा पुट घ्यायचा, २५,५००चा पुट विकायचा. पुट-कॉल पॅरिटीनुसार पुटचा डेल्टा कॉलच्या डेल्टापेक्षा बरोबर एकने कमी असतो. घेतलेल्या पुटचा डेल्टा उणे ०.४९४, विकलेल्याचा मूळ डेल्टा उणे ०.७५०, तो उलटवला की अधिक ०.७५०. निव्वळ पुन्हा अधिक ०.२५६. व्याजाचा किरकोळ भाग सोडला तर एकाच स्ट्राइकच्या कॉल आणि पुटचे थीटा सारखेच असतात, व्हेगाही सारखाच. म्हणजे निव्वळ थीटा पुन्हा उणे १.३८ आणि व्हेगा अधिक ४.८५. पण पैशांचा प्रवाह बघा. विकलेला पुट ६०६चा, घेतलेला २८७चा. आपल्या हातात ३१९ पॉइंट आले. क्रेडिट स्प्रेड आहे, आणि तरी वेळ रोज पैसे नेते आहे.

याचा अर्थ असा की थीटाचं चिन्ह क्रेडिट-डेबिट ठरवत नाही. ते ठरतं फ्युचर दोनपैकी कोणत्या स्ट्राइकजवळ उभं आहे यावरून. ऑप्शनचा थीटा आणि व्हेगा दोन्ही, स्ट्राइक जेव्हा भावाच्या जवळ असते तेव्हा सर्वांत मोठे असतात आणि भाव दोन्हीकडे लांब गेला की आटत जातात. २५,०००वर आपण घेतलेला लेग ऐन भावावर आहे, म्हणून त्याचं वजन जास्त. क्रेडिट स्प्रेडमध्ये वेळ बाजूने असते हा अनुभव खोटा नाही. लोक बहुधा लांबचे पुट विकतात, तिथे विकलेला लेग भावाला जास्त जवळ असतो, आणि म्हणून थीटा अधिक येतो. कारण हे जवळ असणं आहे. मिळालेले पैसे फक्त त्याच्याबरोबर दिसतात.

भाव हलवून पाहिला की हे आणखी स्पष्ट होतं. समजा त्याच दिवशी फ्युचर २५,५००वर गेलं. आता विकलेला कॉल ऐन भावावर आला. घेतलेल्या लेगचा थीटा उणे ५.४५, विकलेल्याकडून मिळणारा अधिक ६.९७, निव्वळ अधिक १.५२. व्हेगा १९.०७ वजा २४.४०, म्हणजे उणे ५.३३. पोझिशन तीच, एकही सौदा केलेला नाही, आणि थीटा व व्हेगा दोघांचीही चिन्हं उलटली. डेल्टा मात्र ०.२५३, जवळजवळ जिथल्या तिथे. या दोन टोकांच्या मध्यावर, २५,२५०च्या आसपास, थीटा अधिक ०.०७ आणि व्हेगा उणे ०.२५, म्हणजे दोन्ही शून्यालगत असतात, आणि डेल्टा ०.२६९पर्यंत थोडा फुगतो. सकाळी छापून ठेवलेला ग्रीकचा कागद दुपारी निकामी होतो तो असा.

व्हेगाबद्दल एक सावधगिरी इथेच सांगायला हवी. अधिक ४.८५ हा आकडा लहान आणि निरुपद्रवी वाटतो. पण तो दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून आला आहे, आणि दोन्ही स्ट्राइकची व्होलाटिलिटी एकाच वेळी सारखीच हलते हे त्यात गृहीत आहे. एक्स्पायरी एकच असल्यामुळे व्हर्टिकल स्प्रेडमध्ये हे गृहीत बऱ्यापैकी टिकतं. वेगवेगळ्या महिन्यांच्या कॅलेंडर स्प्रेडमध्ये अशी बेरीज फार फसवी असते. तरीही बाजार दोन स्ट्राइकना नेहमी सारखी वागणूक देत नाही. वरच्या स्ट्राइकच्या कॉलना अचानक मागणी आली आणि फक्त २५,५००ची व्होलाटिलिटी १२ची १३ झाली, तर स्प्रेडला ४.८५ मिळत नाहीत. १९ पॉइंट जातात. म्हणून मी निव्वळ व्हेगाच्या शेजारी दोन्ही लेगचे व्हेगा वेगळे लिहून ठेवतो. एका आकड्यात हा धोका दिसूच शकत नाही.

आणि आता वेळ, जिची बेरीज सर्वांत लवकर शिळी होते. फ्युचर २५,०००लाच खिळून राहिलं, व्होलाटिलिटी १२ टक्केच राहिली आणि एक्स्पायरीला दोन दिवस उरले असं धरू. घेतलेल्या कॉलचा थीटा आता दिवसाला उणे २२.१५ आहे. विकलेला कॉल पाचशे पॉइंट लांब, भाव जेमतेम एक पॉइंट; त्याच्याकडून मिळतात फक्त १.८६. निव्वळ उणे २०.३. पहिल्या दिवशी हाच आकडा उणे १.३८ होता. विकलेला लेग सुरुवातीला घेतलेल्याच्या झिजेचा ऐंशी टक्के भार उचलत होता. आता त्याच्याकडे झिजायला काही उरलेलंच नाही, म्हणून त्याची मदत संपली.

पहिल्या दिवशीचा थीटा घेऊन १९ दिवसांनी गुणलं तर २६ पॉइंटची झीज दिसते, म्हणजे स्प्रेड १५५ला असायला हवा. प्रत्यक्षात तो साधारण ८७ला असतो. झीज ९४च्या घरात, म्हणजे सरासरी दिवसाला पाच, आणि तिचा मोठा वाटा शेवटच्या आठवड्यातला. डेल्टाही तिथे राहिलेला नसतो: याच भावावर तो ०.२५६वरून ०.४९वर गेलेला असतो, आणि फ्युचर २५,२५०वर असतं तर ०.७३च्या पुढे. पहिल्या दिवशी जो स्प्रेड पाव लॉट फ्युचरसारखा चालत होता, तो आता अर्ध्या ते पाऊण लॉटसारखा उसळतो. त्यामुळे अशा स्प्रेडचे दोन्ही लेग मी रोज संध्याकाळी नव्याने मोजतो, आणि शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा. भाव अजून खालच्याच स्ट्राइकजवळ रेंगाळत असेल, तर थीटा उणे पाचच्या पलीकडे जाण्याआधी पोझिशन बंद करायची की ठेवायची, याचा निर्णय घेऊन टाकतो.