सहा महिने, साठ डॉलर आणि ‘पुढे बघू’

अमेरिकेत आयटीत चार वर्षं काढलेल्या प्रत्येकाच्या इनबॉक्समध्ये रिक्रूटरची एक ठराविक मेल पडून असते. नाव बदलतं, गाव बदलतं, मजकूर तोच. परवा माझ्या एका मित्राने अशीच एक मेल मला फॉरवर्ड केली. त्याला आपण इथे बंड्या म्हणू. मेलचा सारांश असा: ‘सिक्स मंथ्स काँट्रॅक्ट, लाइकली एक्स्टेन्शन, साठ डॉलर अवर्ली, स्ट्राँग पॉसिबिलिटी ऑफ कन्व्हर्जन’. खाली लगेच ‘राइट टु रेप्रेझेंट’ला होकार पाठवा, अशी घाई.

बंड्या सध्या वर्षाला १,०५,००० डॉलरच्या कायम नोकरीत आहे. ग्रीन कार्ड आलंय, बायको घरी, दोन मुलं, आणि सगळ्यांचा आरोग्यविमा त्याच्याच नोकरीवर. फोनवर म्हणाला, “अरे, साठ गुणिले २०८०, म्हणजे जवळजवळ सव्वा लाख! वर कायम व्हायची संधी. काय वाईट आहे?”

वाईट काही नाही. पण त्या मेलमधल्या तिन्ही शब्दांचा अर्थ विचारून घेतल्याशिवाय हो म्हणू नये, आणि तो राइट टु रेप्रेझेंटही देऊ नये. कारण तो एकाला दिला की त्या जागेसाठी त्याच एजन्सीमार्फत जायचं. दोन एजन्स्यांनी एकाच माणसाचं नाव पुढे केलं तर भांडण नको म्हणून क्लायंट बरेचदा तो रेझ्युमेच बाजूला ठेवतो.

आधी मुदत. ‘सहा महिने’ ही हमी नसते, तो अंदाज असतो. क्लायंटच्या मॅनेजरला तेवढ्या काळाचं बजेट मिळालेलं असतं, इतकंच. एजन्सीच्या कराराची प्रत मागितली की त्यात दोन आठवड्यांच्या, कधीकधी एका दिवसाच्या नोटिशीवर काम थांबवता येईल असं कलम सापडतं. एक्स्टेन्शनलाही बऱ्याच मोठ्या कंपन्यांत छत असतं: बारा किंवा अठरा महिने झाले की काँट्रॅक्टरने बाहेर पडायचं आणि काही महिने परत यायचं नाही. यामागे एक जुना खटला आहे. वर्षानुवर्षं ‘तात्पुरते’ म्हणून राबलेल्या लोकांनी आम्हालाही कर्मचाऱ्यांचे फायदे द्या म्हणून मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं, आणि २००० साली कंपनीने ९.७ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. तेव्हापासून कंपन्या या बाबतीत जपून असतात. म्हणून प्रश्न असा विचारायचा: बजेट कोणत्या तारखेपर्यंत मंजूर आहे, आणि काँट्रॅक्टर जास्तीत जास्त किती दिवस राहू शकतो?

मग पैसे. साठ डॉलर, पण कशावर? डब्ल्यू-टू असेल तर एजन्सी तुमची मालक. ती कर कापते आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा अर्धा वाटा स्वतः भरते. टेन-नाइंटी-नाइन असेल तर दोन्ही वाटे तुमचे, म्हणजे ७.६५ टक्क्यांच्या जागी १५.३. कॉर्प-टू-कॉर्पला तुमची स्वतःची कंपनी लागते, आणि तिचा विमा न् हिशोबही तुमच्याच गळ्यात. साठाचा आकडा तिन्हीकडे साठच दिसतो, हातात येताना मात्र तीन वेगळे आकडे होतात.

बंड्याचं प्रकरण डब्ल्यू-टू निघालं, पण सुट्टी बिनपगारी आणि विम्यात एजन्सीचा वाटा शून्य. मग आम्ही कागद घेऊन बसलो. ११ सरकारी सुट्ट्या, १० दिवस रजा, ५ दिवस आजारपण, असे २६ दिवस वजा केले की २०८० तासांचे १८७२ राहतात. त्याचे झाले १,१२,३२० डॉलर. आत्ता विम्यासाठी त्याच्या पगारातून महिन्याला ४५० कापतात. एजन्सीच्या योजनेत कुटुंबासाठी १४०० पडणार होते. वर्षाचा फरक ११,४००. उरले १,००,९२०. दुसऱ्या बाजूला त्याचा १,०५,००० पगार भरपगारी रजेसकट, आणि फोर-ओ-वन-केत कंपनी घालते ते चार टक्के, म्हणजे ४,२०० आणखी. एकूण १,०९,२००. सव्वा लाखाची नोकरी प्रत्यक्षात सव्वाआठ हजारांनी कमी भरली!

नुसती बरोबरी साधायलाच तासाला साडेचौसष्ट लागत होते. वर वर्षात एक महिना दोन कामांच्या मधे रिकामा जाईल असं धरलं, तर सत्तरच्या थोडं वर. तेव्हा मागायचे सत्तर असं ठरलं. आणखी एक बारीक गोष्ट: नाताळ ते नवं वर्ष क्लायंटचं ऑफिस बंद असेल तर ते तासही गेले. तेही आधीच विचारावं.

आता तिसरा, सगळ्यात गोड शब्द: कन्व्हर्जन. इथे लोक फसतात, कारण हा निर्णय रिक्रूटरच्या हातात नसतोच. क्लायंटने काँट्रॅक्टरला मधेच कायम करून घेतलं तर त्याला एजन्सीला फी द्यावी लागते. ही फी महिन्यागणिक उतरत जाते आणि एका मुदतीनंतर, बरेचदा सहा महिन्यांनंतर, माफ होते. म्हणजे मॅनेजरला तुम्ही कितीही आवडलात तरी ती तारीख उलटेपर्यंत थांबण्यात त्याच्या कंपनीचा फायदा. म्हणून ‘शक्यता किती?’ असं विचारू नये, उत्तर ‘भरपूर’ असंच येतं. विचारावं असं: फी कधी माफ होते? कायम जागा मंजूर आहे की मागावी लागणार? या टीममधले किती काँट्रॅक्टर गेल्या वर्षी कायम झाले? आणि झालो तर पगार कोणत्या पट्ट्यातला? तो तासाच्या दराला २०८० ने गुणून येत नाही, सहसा खालीच येतो. कॅलिफोर्निया, कोलोरॅडो, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन अशा राज्यांत जाहिरातीत पगाराचा पट्टा छापावा लागतो, तेव्हा त्याच कंपनीच्या तशाच कायम जागेची जाहिरात बघून ठेवावी.

एच-वन-बीवर असणाऱ्यांना आणखी एक प्रश्न: कायम करताना क्लायंट स्वतः पिटिशन फाइल करेल का, आणि ग्रीन कार्डही? काही कंपन्या नाही म्हणतात, आणि मग सगळी गोड बोलणी तिथेच संपतात. काम मधेच थांबून एजन्सीने काढून टाकलं तर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, हेही विसरू नये.

बंड्याने हे सगळं आठ ओळींत लिहून पाठवलं. उत्तर यायला तीन दिवस लागले, पण प्रामाणिक होतं: दर ६६ पर्यंत, बजेट डिसेंबरपर्यंत, फी सहा महिन्यांनी माफ, कायम जागा अजून मंजूर नाही, पुढच्या आर्थिक वर्षात ‘मागणार आहेत’.

बंड्याने नम्रपणे नाही कळवलं. दीड डॉलरच्या फरकासाठी चौघांचा विमा डिसेंबरवर टांगायचा नव्हता त्याला. हीच मेल नोकरी गेलेल्या माणसाला, किंवा जोडीदाराच्या विम्यावर असलेल्याला आली असती, तर ६६ ला मीच म्हटलं असतं, घे. तिथे ११,४०० चा खड्डाच नसता.

रिक्रूटरला राग वगैरे काही आला नाही. त्याने बंड्याचा दर आणि अटी टिपून ठेवल्या असाव्यात, कारण पंधरा दिवसांनी त्याची दुसरी मेल आली. तिच्यात बजेटची तारीख आणि विम्याचा वाटा पहिल्याच ओळीत लिहिला होता.