सरासरी साडेदहा

आठवीच्या वर्गाची गणिताची घटक चाचणी होती. मुलं ४०, गुण २०. सरासरी आली साडेदहा. ‘वर्ग मध्यम आहे’ असं मी मुख्याध्यापकांना सांगूनही टाकलं.

रात्री पेपर लावताना सहज पाहिलं, १० किंवा ११ गुण मिळवणारी मुलं किती? फक्त दोन! मग वहीच्या मागच्या पानावर ३ ते १८ आकडे ओळीने लिहिले आणि प्रत्येक मुलासाठी त्याच्या गुणावर एक टिंब दिलं. टिंबांचे दोन ढीग झाले. ३ ते ७ मध्ये १७ मुलं, १३ ते १८ मध्ये १९. मधे जेमतेम चार. मी ज्या ‘मध्यम’ मुलाला समोर ठेवून शिकवत होते, तो वर्गात नव्हताच.

असे ढीग कधी पेपरामुळेही पडतात. पाच गुणांचा एखादा प्रश्न आला तर पूर्ण, नाही तर शून्य, असा असेल तर वर्ग आपोआप दुभंगतो. म्हणून सगळ्यात मोठ्या प्रश्नाचे गुण वजा करून पुन्हा टिंबं मांडली. दरी तशीच राहिली.

खालच्या १७ पैकी १२ मुलं सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकून आमच्या मराठी शाळेत आलेली. मला वाटलं, कारण सापडलं. पण उरलेली पाच पहिलीपासून मराठीतच होती! तेव्हा गुण सोडून चुका वाचायला बसले. त्या पाच जणांना क्षेत्रफळ म्हणजे काय ते ठाऊक होतं. अडीचला दीडने गुणताना ती अडकत होती. बाराजणांनी मात्र परिमितीच्या जागी क्षेत्रफळ काढलं होतं, नाही तर जागा कोरी सोडली होती.

आठवड्याने आकडे बदलून तसाच पेपर सगळ्यांना दिला. या वेळी फळ्यावर परिमितीपुढे ‘एहाता’, क्षेत्रफळापुढे ‘रकबा’, छेदापुढे ‘नसबनुमा’ लिहिलं. मागच्या बाकावरून एकीने विचारलं, “टीचर, एहाता बोले तो परिमिती क्या?” बारापैकी नऊजण १२ च्या वर गेले. सरावाने गुण वाढले असावेत, ही शंका मलाही आली. पण त्या पाच जणांनीही दुसऱ्यांदाच पेपर सोडवला होता, आणि त्यांचे गुण जागचे हलले नव्हते.

उरलेल्या तिघांचं कोडं अजून सुटलेलं नाही. त्यांना एकेक करून तोंडी विचारते आहे. पाच जणांना शाळेआधी वीस मिनिटं अपूर्णांक. नऊजणांना तर फक्त शब्दांचा तक्ता लागला. तो जूनमध्येच लावायला हवा होता, हे मनाला लागून राहिलं आहे.

निकालपत्रकात सरासरीचा एकच रकाना असतो. तिथे साडेदहाच लिहिलं. मुख्याध्यापकांपुढे मात्र या वेळी टिंबांचं पान ठेवलं.