अठ्ठावीस प्रहर

शुक्रवारी स्वातंत्र्यदिन, शनिवारी गोपाळकाला आणि त्याला जोडून रविवार. ध्वजवंदनाला मुले दप्तराविना गेली होती. त्यामुळे सांगलीतल्या त्या घरात गुरुवारी दुपारी खुंटीला अडकवलेले श्रेणिकचे दप्तर तीन दिवस कुणाच्या ध्यानीमनीही नव्हते. रविवारी दिवस मावळण्यापूर्वी सर्वांची जेवणे आटोपली आणि सातच्या सुमारास, सोमवारचे वेळापत्रक पाहून पुस्तके भरताना, त्याचा हात दप्तराच्या तळाशी असलेल्या स्टीलच्या डब्याला लागला. डबा जड होता.

त्याने झाकणाची कडी उघडली मात्र, आंबूस वासाचा भपका आला. झाकणाच्या आतल्या बाजूस पाण्याचे थेंब साचले होते. दोडक्याच्या भाजीला तार सुटली होती आणि दोन चपात्यांवर कापसासारखी पांढरी लव उगवली होती. मध्ये हिरवट, कडेला काळे ठिपके. श्रेणिकने डबा तसाच मिटला आणि आवाज न करता मोरीकडे निघाला. नळाखाली धरला की काम संपले, असा त्याचा हिशेब होता.

"थांब," आजी म्हणाली. तिच्या नाकाला आधीच कळले होते. "पाणी घालू नकोस त्यावर. ती बुरशी आहे. एकेका ठिपक्यात अनंत जीव असतात."

"पण आजी, ते आले कुठून? डबा तर बंद होता."

उत्तर आईने दिले, काहीशा ओशाळल्या स्वरात. बुरशीचे सूक्ष्म बीजाणू हवेत सदैव असतातच, ते अन्नावर बसलेलेही असतात. त्या दिवशी घाईत चपात्या तव्यावरून थेट डब्यात गेल्या, वाफेचे पाणी झाकणाला धरले आणि श्रावणातली दमट ऊब मिळाली. एवढे त्यांना पुरते.

आजी बोटांची पेरे मोजत होती. गुरुवारी सकाळी सात ते रविवारी संध्याकाळी सात, म्हणजे चौऱ्याऐंशी तास. तीन तासांचा एक प्रहर धरला तर अठ्ठावीस प्रहर. "चपातीची मर्यादा चार प्रहरांची. वर्ण, गंध, रस, स्पर्श बदलले की अन्न चलितरस होते, ते खाण्याजोगे राहत नाही. आणि वरची बुरशी खरवडून काढली म्हणजे झाले, असेही नाही. तिचे तंतू आत गेलेले असतात."

मागच्या व्हरांड्यात, जिथे ऊन येत नाही आणि कुणाचा पाय पडत नाही, अशा कोपऱ्यात डबा ठेवायचे ठरले. मुंग्या-माश्या आत पडू नयेत म्हणून तोंडाला पातळ कोरडे फडके बांधले. आपोआप वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. वडिलांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. "डबा गेला म्हणायचा," एवढे म्हणून त्यांनी मान पुन्हा आत घातली. पावसाळ्यात वाळायला किती दिवस लागतील, हे त्यांनी विचारले नाही, हे बरेच झाले.

"आता हात जोड आणि मिच्छामि दुक्कडम् म्हण," आजी म्हणाली. "आपल्या प्रमादाने हे झाले. पण तू जेवला का नाहीस रे त्या दिवशी?"

"वेळ मिळाला नाही."

त्याने हात जोडले. शब्द मात्र ओठांपर्यंत येऊन अडले. आजीला वाटले, पोर वासाने कासावीस झाले आहे. तिने त्याला आत पाठवले.

सोमवारी पहाटे पाच वाजता स्वयंपाकघरात दिवा लागला, तेव्हा श्रेणिक जागाच होता. तो ओट्यापाशी येऊन उभा राहिला. आईने तव्यावरची चपाती या वेळी ताटलीत पसरून ठेवली होती. तिच्यातून वाफ निघत होती.

"आई, गुरुवारी वेळ होता. मित्राचा वाढदिवस होता. त्याने बटाटेवडे आणले होते. मी दोन खाल्ले, मग डबा खाववला नाही."

आईने दुसरी चपाती तव्यावर टाकली, उलटली, कडा दाबल्या. घरात बटाटा कधी येत नव्हता. शाळेच्या सहलीलाही त्याचा डबा वेगळा जात असे. ती काय म्हणेल, याचे चार-पाच प्रकार त्याने रात्रभर मनात योजून ठेवले होते.

"मग घरी आल्यावर डबा का नाही काढलास?"

"भरलेला दिसला असता."

ती काही क्षण त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कसे होते वडे?"

"चांगले होते," तो खाली मान घालून म्हणाला.

आईने चपातीवर हात ठेवून पाहिला. अजून कोमट होती. तिने झाकण बाजूलाच राहू दिले.

श्रेणिक मागच्या दाराने व्हरांड्यात गेला. फडक्याखाली काय चालले आहे, ते दिसत नव्हते. कुठे दूर मंदिरात अभिषेकाची घंटा वाजली. त्याने हात जोडले आणि या वेळी ते दोन शब्द पुरते उच्चारले.

आत आला तेव्हा आजी त्याचे दप्तर उघडून, पालथे धरून, झटकत होती.