मिश आणि मीर

पुण्यात जर्मन शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली, तरी एक चूक दर बॅचला भेटतेच. 'मी हात धुते' याचं जर्मन सांगा म्हटलं की उत्तर येतं, 'इश वाशे मिश दी हेंडे.' तिथे हवं असतं 'मीर'. मिश हे द्वितीयेतलं 'मला', मीर चतुर्थीतलं.

यात मुलांचा फारसा दोष नाही. शाळेत घोकलेल्या तक्त्यात द्वितीयेला स, ला, ते आणि चतुर्थीलाही स, ला, ते. 'त्याने मला पाहिलं' आणि 'त्याने मला पैसे दिले', दोन्हीकडे 'मला'च. संस्कृत घेतलेल्यांना माम् आणि मह्यम् आठवतात, ते लवकर सावरतात.

मी त्यांना पाटाचं उदाहरण देते. धुणे या क्रियापदापाशी कर्मासाठी एकच पाट मांडलेला असतो. 'इश वाशे मिश' म्हणजे मी अंग धुते. त्या पाटावर मीच बसलेली. हात आले की धुतले जाणार ते हात, म्हणून पाट त्यांचा. मला उठून चतुर्थीत बसावं लागतं: 'इश वाशे मीर दी हेंडे'. हात कुणाचे ते मीरनेच सांगितलं, म्हणून जर्मन माणूस तिथे सहसा 'माझे' जोडत नाही.

या मीरला मराठीत जवळचा कोण, तर 'घेणे'. 'कॉफी करते' आणि 'कॉफी करून घेते' यांत जो फरक आहे, तोच जर्मन माणूस मीर घालून करतो. हे सांगितल्यावर वर्गातल्या बऱ्याच माना हलतात.

फसगत होते ती तृतीय पुरुषात. तो, ती, ते सगळ्यांना दोन्ही विभक्तींत एकच 'झिश'. आम्ही, तुम्ही यांचीही रूपं बदलत नाहीत. म्हणून 'तो हात धुतो' बरोबर लिहिणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. मी आणि तू घालून पुन्हा विचारते.

पाटाच्या हिशेबातही एक खोच आहे. 'मला सुट्टीची ओढ लागलीय' हे 'इश फ्रॉये मिश आउफ दी फेरिएन'. वाक्यात सुट्टी दिसली की मुलं घाईने मीर लिहितात. पण सुट्टी 'आउफ' या शब्दयोगीच्या कडेवर आहे, पाटावर नाही. मिश जागचं हलत नाही.

माझं आवडतं क्रियापद मात्र फोरश्टेलेन. 'इश श्टेले मिश फोर' म्हणजे मी माझी ओळख करून देते. मीर घातलं, की मी कल्पना करते. एका तोंडी परीक्षेत माझ्या विद्यार्थिनीने ठसक्यात 'इश श्टेले मीर फोर' म्हटलं आणि थांबली. परीक्षक बाई पेन धरून तशाच बसल्या. मीर आलं म्हणजे पाट रिकामा. त्यावर काय येऊन बसतंय, याची त्या वाट बघत होत्या.