खोडदचे प्रदर्शन आणि चाळीस मुले

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त तेथे विज्ञान प्रदर्शन भरते. घोडेगावहून आमच्या मुलांची सहल तेथे निघाली, तेव्हा पालक म्हणून मीही सोबत गेले.

गुरुजींनी आधी पत्र पाठवले होते. त्यात चारच गोष्टी होत्या: मुले किती, पोहोचणार केव्हा, माहिती सांगणाऱ्यांची वेळ कोणती आणि जेवण केव्हा. गाडीत चव्वेचाळीस जागा, म्हणून मुले ४० आणि मोठी माणसे ४. पण ते दिवस कांदा काढणीचे. पोरे आईबापांबरोबर शेतावर जातात. म्हणून गुरुजींनी चाळीस नावांखाली आणखी तीन नावे क्रमाने लिहून ठेवली. आदल्या रात्री दोन मुली कांद्याला जाणार असे कळले. त्यांच्या जागी खालची दोन मुले आली आणि आकडा चाळीसच राहिला. तिसऱ्या मुलीची आई मात्र म्हणाली, "माझा एक दिवसाचा खाडा चालेल, पण पोरगी जाऊ द्या."

माहितीची वेळ अकराची होती, पण पोहोचण्याची वेळ दहाची लिहिली होती. सकाळी सव्वाआठला गाडी निघाली. वाटेत गर्दी लागली आणि पोहोचायला १० वाजून ३५ मिनिटे झाली. तरी मुलांची मोजणी, लघवी-पाणी आणि मोबाईल बंद करणे हे सारे अकराच्या आत उरकले. मोबाईलच्या लहरी दुर्बिणीच्या कामात अडथळा आणतात, म्हणून तेथे तो नियम आहे. पावणेअकराची वेळ धरून निघालो असतो, तर अकराची वेळ हुकली असती.

चाळीस मुले एकदम उभी राहिली, तर वाऱ्यात मागच्यांना काही ऐकू येत नाही. म्हणून वीस-वीसचे दोन गट केले. अर्धा तास एक गट माहितीला, दुसरा मांडलेले प्रयोग पाहायला, नंतर अदलाबदल. सव्वाबाराला झाडाखाली भाकरी-ठेचा सोडला. पोटभर जेवून ऊन लागले की मुले पेंगतात, म्हणून माहिती जेवणाआधीच ठेवली होती.

माहिती मिळालीही तशीच. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद, म्हणजे चार एस.टी. गाड्या एकामागे एक लावाव्यात तेवढी. अशा तीस तबकड्या आहेत. त्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. ज्या मुलीच्या आईने खाडा केला, तिने मागच्या ओळीतून विचारले, "जाळीतून लहरी निसटत नाहीत का?" उत्तर मिळाले, की या लहरी वीतभरापासून दोन-अडीच मीटर लांबीच्या असतात. जाळीची भोके बोटभर, म्हणून त्या जाळीवरून आरशासारख्या परत फिरतात. वारा मात्र आरपार जातो, म्हणून तबकडी हलकी ठेवता येते.

सहल काढणाऱ्यांनी परतताना मागच्या ओळीतल्या दोघांना काय ऐकले ते विचारावे. गट मोठा झाला होता की नाही, ते त्यावरून लगेच कळते.