कांदा, मध आणि बरणीवरची तारीख

५ जानेवारी २०२६, देवास

सकाळी धारहून आत्याचा मुलगा आला. आत्यानं त्याच्याबरोबर कांदा-मधाचं औषध पाठवलंय, लोणच्याच्या जुन्या बरणीत. गेल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाड्याकडे खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉलनं लहान मुलं दगावली. तेव्हापासून आमच्याकडे विकतची बाटली आणायला कुणी धजत नाही. आत्या हे दर हिवाळ्यात करते, यंदा जास्तच केलंय.

झाकण सैल करताच फस्स आवाज झाला. रसाच्या कडेनं बारीक फेसाचं कडं धरलेलं होतं. चमच्यानं ते मोडलं, तर थोड्या वेळानं पुन्हा जमलं. ओतताना शिरलेल्या हवेचे बुडबुडे मोठे असतात आणि एकदा फुटले की संपतात. हे मात्र तळातून एकेक करून वर येत होते. वासात कांद्याच्या उग्रपणामागे ताडीसारखा आंबूसपणा होता. रस मधासारखा ओघळत नव्हता, पाण्यासारखा पडत होता.

आत्याला फोन केला. ती म्हणाली, "नाताळाच्या आधी केलंय रे. ओट्यावरच असतं माझ्याकडे. मध कधी नासतो का?"

६ जानेवारी

आत्याचं म्हणणं नुसत्या मधापुरतं खरं आहे. चांगल्या मधात साधारण १८ टक्के पाणी असतं. उरलेली बहुतेक साखर ते पाणी इतकं धरून ठेवते की जंतूंना वापरायला मिळत नाही. पण मधात यीस्ट मुळातच असतं, निपचित पडलेलं. पाणी २० टक्क्यांच्या आसपास गेलं की ते जागं होऊ लागतं.

आणि कांदा म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. चिरलेल्या कांद्यावर मध घातला की साखर ते पाणी ओढून घेते, म्हणून तर रात्रीतून फोडी मऊ पडतात आणि रस सुटतो. हिशेब मांडला. १०० ग्रॅम मधात १८ ग्रॅम पाणी. कांद्यातून आणखी ३० ग्रॅम उतरलं तर १३० ग्रॅम रसात ४८ ग्रॅम, म्हणजे सुमारे ३७ टक्के. हा आता मध राहिलाच नाही, म्हणून मधाचा टिकाऊपणाही त्याला लागू नाही.

८ जानेवारी

आत्याची बरणी ओतून टाकली. तिला वाईट वाटलं, पण कारण ऐकून घेतलं. मग तिनं नेमकं विचारलं, "फेस नसता तर चाललं असतं का?"

याचं उत्तर नाही असंच आहे. फेस, आंबूस वास, फुगलेलं झाकण ही यीस्टची खूण. बॉट्युलिझमचा जंतू असं काही दाखवेलच असं नाही. त्याचे बीजाणू मातीत असतात, त्यामुळे कांद्यावरही असू शकतात, आणि मधातही. नुसत्या मधात ते वाढत नाहीत. पण कांद्याचं पाणी उतरून मध पातळ झाला, आंबटपणा कमी पडला आणि बरणी बंद झाकणाची, उबेत ठेवलेली असली, तर त्यांना वाव मिळतो. म्हणून दिवस मोजायचे, नुसत्या वासावर विसंबायचं नाही. लिंबू पिळून बरेच दिवस टिकेल, असंही मी धरणार नाही. किती पिळलं म्हणजे पुरे, ते घरी मोजता येत नाही.

वहिनीचं बाळ नऊ महिन्यांचं आहे. त्याला बोटभरही नाही. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते बीजाणू रुजू शकतात, मध ताजा असो वा फ्रीजमधला.

१० जानेवारी

आज थोडंच केलं. अर्धा कांदा धुऊन, वरची सालं काढून बारीक चिरला. उकळत्या पाण्यानं धुऊन कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत घातला आणि वर फोडी बुडतील इतका मध. झाकून थेट फ्रीजमध्ये ठेवला. थंडीत रस जरा सावकाश सुटतो, पण सकाळपर्यंत पुरेसा सुटतो. मग गाळून फोडी टाकायच्या; त्या आत राहिल्या की पाणी सोडतच राहतात. बरणीवर पट्टी लावली: १० तारखेला केलं, १४ला उरेल ते टाकायचं. चमचा दर वेळी कोरडा, आणि चाटलेला चमचा पुन्हा आत जाता कामा नये.

१२ जानेवारी

पुतणीला, ती सहा वर्षांची आहे, झोपताना एक लहान चमचा दिला. रात्री ढास कमी होती. श्रेय बहुधा मधाचं. वर्षापुढच्या मुलांच्या रात्रीच्या खोकल्यावर मधाच्या चाचण्या झाल्या आहेत. कांद्याच्या बाजूनं तितका भक्कम पुरावा नाही. आजोबांना मधुमेह आहे, म्हणून त्यांना दिलं नाही. त्यांचा खोकला दोन आठवड्यांवर गेलाय, तेव्हा उद्या थुंकीच्या तपासणीला नेणार. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयामुळे याच देवासात हवापालटाला आले होते. तेव्हाही असला खोकला घरच्या चाटणानं हटणारा नव्हता.

१४ जानेवारी

बरणीत दोन चमचे उरले होते. फेस नाही, वास स्वच्छ. तळाशी रवाळ साका होता; कोमट पाण्यात बरणी धरल्यावर विरघळला, म्हणजे ती मधाची साखरच. तरी टाकलं. आत्याचा फोन आला, तिनंही आता अर्ध्या कांद्याचंच केलंय आणि झाकणावर तारीख लिहिलीय.