जे सांगितलं नाही, तेच सांगितलं

आपल्याकडे स्थळाची चौकशी अजूनही फोनवरच होते. साईटवर फोटो, पगार, उंची सगळं मिळतं, पण 'मुलगा कसा आहे' हे विचारायला कुणीतरी ओळखीचं शोधावंच लागतं. इंदूर, देवास, उज्जैन, बडोदा, कुठेही असो, दोन फोन केले की आपल्या मराठी घरांत धागा लागतोच. गेल्या पावसाळ्यात माझ्या भाचीसाठी असाच एक फोन मी केला. मुलगा ज्यांच्या हाताखाली तीन वर्षं काम करत होता, ते गृहस्थ माझ्या यजमानांचे जुने मित्र निघाले. सध्या ते बडोद्याला असतात.

"भाऊजी, मुलगा स्वभावानं कसा आहे हो?" मी विचारलं.

ते म्हणाले, "वहिनी, वेळेचा अगदी पक्का. तीन वर्षांत एकदाही उशीर नाही. राहणी नीटनेटकी. आणि आई-वडील तर फारच सज्जन माणसं."

मी पुढे विचारलं, "तुमची मुलगी असती, तर दिली असतीत का?"

क्षणभर पलीकडे शांतता. मग म्हणाले, "माझी मुलगी अजून शाळेत आहे हो! बरं, इंदूरला पाऊस कसा काय यंदा?"

फोन ठेवला. शेजारी बसून ऐकणारी भाची खुशीत म्हणाली, "चला, सगळं चांगलंच सांगितलं की!" माझ्या ताईचा, म्हणजे तिच्या आईचा चेहरा मात्र उतरला होता. "अगं, काय चांगलं सांगितलं? नाहीच म्हणाले ते." भाची चक्रावली. "मावशी, 'नाही' हा शब्द त्यांनी एकदा तरी उच्चारला का?"

प्रश्न रास्त होता. न उच्चारलेला 'नाही' ताईला ऐकू कसा आला? "तुम्हा मोठ्यांना सगळ्यातच काहीतरी दिसतं," असं म्हणून तो सोडून देता आला असता. पण कॉलेजात भाषाशास्त्र शिकवताना मी हाच धडा पंचवीस वर्षं फळ्यावर मांडत आले होते. तेव्हा चहा टाकला आणि तिला तो समजावून सांगितला.

पॉल ग्राइस नावाचे एक इंग्रज तत्त्वज्ञ होते. १९६७ साली हार्वर्ड विद्यापीठात त्यांनी व्याख्यानं दिली आणि त्यांतलं याविषयीचं व्याख्यान १९७५ साली छापून आलं. त्यांचं म्हणणं साधं आहे. दोन माणसं बोलतात तेव्हा ती न ठरवता एकमेकांना सहकार्य करत असतात आणि चार अपेक्षा धरून चालतात. एक, लागेल तेवढं सांगावं, कमीही नाही आणि जास्तही नाही. दोन, खोटं वाटतं ते किंवा ज्याला आधार नाही ते बोलू नये. तीन, विषयाला धरून बोलावं. चार, स्पष्ट आणि सुटसुटीत बोलावं. माणसांनी कसं वागावं याचा हा उपदेश नव्हे. ऐकणारा काय गृहीत धरून अर्थ लावतो, त्याचं हे वर्णन आहे.

खरी गंमत या अपेक्षा मोडल्यावर सुरू होते. मोडण्याचे प्रकार दोन. खोटं बोलणारा चोरून मोडतो, ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये अशी त्याची इच्छा असते. दुसरा माणूस उघड उघड मोडतो, समोरच्याला दिसेल अशा बेतानं. आपण नियम मोडतोय हे त्याला माहीत असतं आणि ते तुम्हाला दिसलंय हेही त्याला माहीत असतं. मग तुम्ही विचारात पडता: हा माणूस तर मला मदत करतोय, मग असं का बोलला? त्याचं उत्तर म्हणून तुमच्या मनात जो अर्थ उभा राहतो, तो सूचितार्थ. तो शब्दांत नसतो, तो काढावा लागतो.

ग्राइस यांनी शिफारसपत्राचं एक उदाहरण दिलंय. तत्त्वज्ञानाच्या जागेसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल त्याचे प्राध्यापक लिहितात, की त्याची भाषा उत्तम आहे आणि तो वर्गांना नियमित असतो. बस, एवढंच. शिकवणाऱ्याला जास्त माहिती असणारच. ती हवी आहे, हेही त्याला ठाऊक आहे. तरी लिहीत नाही, म्हणजे लिहिण्यासारखी नाही.

आता आमचा फोन याच रीतीनं उकलून पाहू. मी स्वभावाबद्दल विचारलं. उत्तर आलं वेळेबद्दल, कपड्यांबद्दल आणि आई-वडिलांबद्दल. म्हणजे हवी ती माहिती कमी पडली, पहिली अपेक्षा मोडली. भाऊजींना माहीत नसेल का? तीन वर्षं रोजचा संबंध, माहीत नाही असं होणार नाही. त्यांना मदत करायची नव्हती का? तसं असतं तर 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून फोन ठेवला असता. माहिती आहे, मदतीची इच्छाही आहे, तरी नेमकं विचारलेलं सोडून बाकी सगळं सांगितलं. याची संगती एकाच तऱ्हेनं लागते: स्वभावाबद्दल सांगण्यासारखं चांगलं त्यांच्याजवळ नाही आणि वाईट बोलायचं नाही. पुढे पावसाची चौकशी आली. ती तिसऱ्या अपेक्षेला धरून नाही हे लहान मुलालाही कळावं. "या वाटेनं मला नेऊ नका," असा तो निरोप होता.

भाचीनं लगेच हरकत घेतली. "पण मावशी, हा सगळा तुमचा कल्पनाविलास कशावरून नाही?"

सूचितार्थ ओळखायची एक खूण ग्राइस यांनीच सांगितली आहे: तो मागे घेता येतो. समजा भाऊजी शेवटी म्हणाले असते, "आणि स्वभावानं तर सोनंच आहे हो," तर ताईनं काढलेला अर्थ तिथेच विरला असता आणि बोलण्यात काहीच विसंगती राहिली नसती. उलट "तो कधी उशिरा आला नाही, पण नेहमी उशिरा यायचा," असं कुणी म्हणालं तर आपण हसू. शब्दांनी सांगितलेलं मागे घेता येत नाही, सुचवलेलं येतं. भाऊजींना ते वाक्य जोडण्याची संधी मी दुसऱ्या प्रश्नानं दिली होती. त्यांनी ती घेतली नाही.

याच गुणात सूचितार्थाची सोयही आहे आणि धोकाही. उद्या मुलाच्या घरच्यांनी भाऊजींना जाब विचारला, तर ते निर्धास्त सांगू शकतात, "मी तर कौतुकच केलं." पण म्हणूनच आपण काढलेला अर्थ कोर्टातल्या साक्षीसारखा धरता येत नाही. तो चुकतो कुठे, हेही पाहायला हवं.

एक, सांगणाऱ्याला खरंच माहीत नसतं. मग कमी सांगणं म्हणजे फक्त प्रामाणिकपणा. पहिली आणि दुसरी अपेक्षा आपसांत भांडतात आणि माणूस खात्री असेल तेवढंच बोलतो. दोन, माणूस मुळातच मितभाषी असतो. म्हणून त्याची नेहमीची पट्टी आधी पाहावी. याच भाऊजींनी पूर्वी आमच्या दुसऱ्या नात्यातल्या एका मुलाबद्दल अर्धा तास भरभरून सांगितलं होतं, म्हणून त्यांची ही तीन वाक्यं आखूड वाटली. तीन, त्या समाजाची रीतच वेगळी असते. एलिनॉर ऑक्स कीनन या अभ्यासिकेनं १९७६ साली मादागास्करमधल्या बोलण्याबद्दल लिहिलं. तिथे माहिती हातची राखून ठेवणं नेहमीचंच. आई कुठे आहे असं विचारल्यावर 'घरात असेल किंवा बाजारात' असं उत्तर आलं, तरी सांगणाऱ्याला नक्की माहीत नाही असा अर्थ तिथलं माणूस काढत नाही. अपेक्षाच वेगळी, तर मोडल्याचा अर्थही वेगळा.

हे मादागास्करपुरतंच नाही, एका घरातही घडतं. भाची पुण्यात आयटीत आहे. तिच्या ऑफिसात विचाराल त्याचं थेट उत्तर द्यायची सवय आहे. उत्तरात एखादी गोष्ट आली नाही, तर ती राहून गेली असं धरतात आणि पुन्हा विचारतात. ताईच्या पिढीत वगळलेली गोष्ट मुद्दाम वगळलेली असते. एकाच फोनचे दोन अर्थ निघाले ते यामुळे.

आणखी एक मर्यादा मला महत्त्वाची वाटते. भाऊजींच्या बोलण्यातून खड्डा कुठे आहे ते कळलं, खड्ड्यात काय आहे ते नाही. तापट आहे? व्यसन आहे? की दोघांचं नुसतं पटत नव्हतं? ताई तिथेच स्थळ मोडायला निघाली होती. भाचीनं वेगळं केलं. ती मुलाला भेटली आणि सरळ विचारलं, "आधीची नोकरी का सोडलीत?" त्यानं आढेवेढे न घेता सांगितलं. ऑफिसातल्या चार-पाच जणांकडून त्यानं पैसे उसने घेतले होते, ते थकले, बोलाचाली झाली. अजून काही द्यायचे आहेत. खरं सांगितलं याबद्दल तिला त्याचा आदरच वाटला, पण पुढे जायचं नाही, हे तिनं ठरवलं.

मग प्रश्न आला निरोपाचा. ताईनं फोन करून सांगितलं, "पत्रिका जुळत नाही." भाची चिडली. "पत्रिका आपण मागवलीसुद्धा नव्हती! हे धडधडीत खोटं नाही का?"

शब्द पाहिले तर खोटंच. पण खोटं बोलणाऱ्याला वाटतं की समोरच्यानं विश्वास ठेवावा. इथे पत्रिका दिलेलीच नाही हे त्या घरालाही माहीत, ताईलाही माहीत. दुसरी अपेक्षा दोघांच्या देखत मोडली. म्हणून पलीकडच्या आई एवढंच म्हणाल्या, "बरं बरं, योग असतात हो," आणि कारण विचारलं नाही. मुलाच्या उसनवारीचा उल्लेख दोन्ही बाजूंनी टळला.

भाचीला हे पूर्ण पटलेलं नाही. ती म्हणते, "आम्हाला हे मेळ बसत नाहीसं वाटतंय," एवढं सांगितलं असतं तरी चाललं असतं. तेही खरं आहे. त्यातही कारण गाळलेलंच आहे आणि ते गाळलंय हे ऐकणाऱ्याला कळतंच. सध्या ती दुसऱ्या एका स्थळाची चौकशी स्वतः करते आहे. परवा तिचा फोन आला होता: "मावशी, त्याच्या मित्राला स्वभाव विचारला, तर म्हणाला, ट्रेकला भारी आहे. मग मी विचारलं, आणि ट्रेक नसतो तेव्हा?"